चुकीच्या सेटिंगमुळे संगणक सुरूच होत नसेल, तर सीमॉस क्लिअर कसा करावा

संगणकाची प्राथमिक सेटिंग जिथे ठरतात त्या बायोसमध्ये जाऊन एखादे सेटिंग बदलले, F10 दाबून ते जतन केले, संगणक पुन्हा सुरू झाला, पंखे फिरू लागले आणि पडदा मात्र काळाच राहिला, अशी वेळ ज्याच्यावर येते त्याच्यापुढचा पेच विचित्र असतो. चूक नेमकी कोणती झाली हे त्याला ठाऊक असते आणि ती दुरुस्त करायला कोणत्या पानावर जायचे हेही ठाऊक असते, पण ते पान दिसण्यासाठी आधी संगणक सुरू व्हावा लागतो आणि तो तर त्याच चुकीमुळे अडलेला असतो. किल्ली आत विसरून दार ओढून घ्यावे, तशी ही अवस्था असते. या अवस्थेतून बाहेर पडण्यासाठी मदरबोर्डवर एक स्वतंत्र वाट ठेवलेली असते आणि तिला सीमॉस क्लिअर करणे असे म्हणतात. ही क्रिया जेमतेम काही मिनिटांची आहे, पण ती का उपयोगी पडते हे माहीत नसल्यामुळे पुष्कळ जण ती अर्धवट करतात आणि मदरबोर्डच बिघडला अशी समजूत करून घेतात. माझ्याही हातून पहिल्या खेपेला ती अर्धवटच झाली होती, म्हणून तेच उदाहरण घेऊन हा विषय मांडतो.

माझ्या संगणकात डीडीआर४ प्रकारच्या रॅमच्या दोन पट्ट्या होत्या आणि त्यांच्यावर 3200 हा वेग छापलेला होता. बायोसमधील एक्सएमपी हे, रॅमला तिच्यावर छापलेला वेग लावणारे सेटिंग चालू केल्यावर त्या 1.35 व्होल्टवर त्या वेगाने नीट चालत होत्या. मी एके दिवशी वेग हाताने 3600 केला आणि त्याच्या जोडीला रॅमचे टायमिंग, म्हणजे प्रत्येक कामासाठी तिला मिळणारा वेळ, हेही पट्ट्यांच्या कुवतीपेक्षा बरेच कमी केले. सेटिंग जतन करून संगणक पुन्हा सुरू केला, तेव्हा पंखे फिरले, पण पडद्यावर काहीच उमटले नाही. मदरबोर्डच्या कडेला CPU, DRAM, VGA आणि BOOT अशी नावे लिहिलेले चार बारीक दिवे होते, त्यांपैकी DRAM हा दिवा लागला आणि तसाच लागून राहिला.

हा दिवा काय सांगत होता, हे समजून घेण्यासाठी संगणक सुरू होण्याचा क्रम पाहावा लागतो. वीज मिळताच प्रोसेसर सर्वप्रथम मदरबोर्डवरील एका लहान फ्लॅश चिपमधील प्रोग्राम चालवू लागतो. हाच प्रोग्राम म्हणजे फर्मवेअर. त्याला सवयीने बायोस म्हटले जाते, जरी आजच्या संगणकांत तो यूईएफआय या नव्या रचनेचा असतो. या प्रोग्रामच्या पहिल्या टप्प्यात रॅमसुद्धा वापरण्याजोगी नसते, त्यामुळे तो प्रोसेसरच्या आतल्या कॅश मेमरीवर कशीबशी गुजराण करत साठवलेली सेटिंग वाचतो आणि त्यांतील वेग, व्होल्टेज व टायमिंग यांप्रमाणे रॅम जुळवून घेण्याचा प्रयत्न करतो. ग्राफिक्स कार्ड जागे करणे, पडद्यावर चित्र आणणे आणि कीबोर्डवरील कळ ओळखून सेटिंगचे पान उघडणे ही सगळी कामे त्यानंतरची आहेत. रॅमच जुळली नाही, तर पुढचे काहीच घडत नाही, आणि म्हणून त्या क्षणी Delete किंवा F2 कितीही वेळा दाबले तरी ते ऐकायला आत कोणीही नसते.

सेटिंगचे साठवण्याचे ठिकाण हा या विषयाचा गाभा आहे. 1984 साली आलेल्या आयबीएमच्या पीसी एटी या संगणकात मोटोरोलाची MC146818 ही घड्याळाची चिप होती आणि तिच्यात 64 बाइटची इवलीशी मेमरी होती. त्यांतील 14 बाइट घड्याळाच्या कामासाठी होते आणि उरलेल्या 50 बाइटमध्ये संगणकाची सेटिंग राहत असत. ही चिप सीमॉस या तंत्राने बनवलेली असल्यामुळे तिला अगदी नगण्य वीज लागे आणि संगणक बंद असतानाही ती बॅटरीवर जिवंत राही. सीमॉस हे नाव तिथून पडले आणि आजही टिकून आहे. आता हे घड्याळ आणि त्याची मेमरी स्वतंत्र चिपमध्ये नसून चिपसेटमध्ये किंवा प्रोसेसरमध्येच सामावलेली असते, आणि बहुतेक सेटिंग तर फर्मवेअरच्या फ्लॅश चिपमधील एका राखीव भागात लिहिली जातात, जिथे ती विजेशिवायही टिकतात.

मग सीमॉस क्लिअर करताना मदरबोर्डवरील सेल काढून किंवा जंपरच्या पिना जोडून ती पुसली कशी जातात, असा प्रश्न कोणालाही पडेल. उत्तर असे की अनेक मदरबोर्डांत त्या क्रियेने सेटिंग थेट पुसली जातच नाहीत. घड्याळाच्या विभागाचा वीजपुरवठा तुटला किंवा त्याच्या रीसेटच्या पिनेवरील व्होल्टेज शून्यावर आणले, की त्या विभागात एक खूण उमटते. संगणक पुढच्या वेळी सुरू होताना फर्मवेअर आधी ती खूण पाहते. खूण दिसली, की साठवलेल्या सेटिंगवर विश्वास ठेवायचा नाही असे ठरवून ते कारखान्यातून आलेली मूळ मूल्ये उचलते आणि फ्लॅशमधील जुन्या मूल्यांच्या जागी तीच लिहिते. जुन्या संगणकांत हेच काम बेरजेच्या पडताळणीने होत असे. सेटिंगच्या बाइटची बेरीज शेजारीच लिहून ठेवलेली असे आणि वीज गेल्यामुळे ती जुळेनाशी झाली, की मूळ मूल्ये घेतली जात. जुन्या यंत्रांवर CMOS checksum error हा संदेश दिसतो, तो याच पडताळणीतून येतो.

आता माझ्या चुकीकडे येतो. मी कॅबिनेट उघडले, मदरबोर्डवरील नाण्यासारखा सेल काढला, घड्याळ लावून दहा मिनिटे थांबलो आणि सेल परत बसवला. संगणक सुरू केला, तर तोच काळा पडदा आणि तोच DRAM चा दिवा. याचे कारण असे, की मी पॉवर सप्लायची केबल काढलीच नव्हती. संगणक बंद दिसत असला, तरी त्याची केबल भिंतीतील सॉकेटला जोडलेली आणि मागचे बटण चालू असेल, तर पॉवर सप्लाय मदरबोर्डला 5 व्होल्टचा एक पुरवठा सतत देत राहतो. पॉवरचे बटण दाबताच संगणक जागा होतो, तो याच पुरवठ्याच्या जोरावर. घड्याळाचा विभाग दोन वाटांनी वीज घेऊ शकतो, एक वाट सेलकडून येते आणि दुसरी या पुरवठ्याकडून. केबल जोडलेली असते तेव्हा तो दुसऱ्या वाटेवरच चालतो आणि सेल नुसता शेजारी बसून असतो. म्हणजे मी दहा मिनिटे काढून ठेवला होता तो न वापरला जाणारा सेल होता, विजेचा खंड एक क्षणही पडला नव्हता, आणि खंड पडला नाही म्हणून खूणही उमटली नव्हती. सेल काढूनही काही झाले नाही, अशी तक्रार जिथे जिथे ऐकू येते, तिथे मी सर्वांत आधी केबलबद्दल विचारतो.

म्हणून क्रम असा ठेवावा. संगणक बंद करावा, पॉवर सप्लायच्या मागचे बटण बंद करावे आणि केबल ओढून बाजूला ठेवावी. त्यानंतर संगणकाचे पॉवरचे बटण दहा ते पंधरा सेकंद दाबून धरावे. संगणक अर्थातच सुरू होणार नाही, पण पॉवर सप्लाय आणि मदरबोर्ड यांच्या कपॅसिटरमध्ये शिल्लक राहिलेली वीज त्यामुळे निघून जाते. कधीकधी या वेळी एखादा पंखा किंचित हलतो किंवा दिवा क्षणभर लुकलुकतो, तीच ती शिल्लक वीज. मदरबोर्डवरचे लहान दिवे पूर्ण विझले आहेत याची खात्री झाली, की मगच आत हात घालावा, आणि घालण्याआधी कॅबिनेटच्या न रंगवलेल्या धातूला स्पर्श करावा, म्हणजे अंगावरील स्थिर वीज तिथे उतरते.

पुढचे काम जंपरने करणे मला सर्वांत योग्य वाटते, कारण त्यात रीसेटची पिन थेट शून्यावर येते आणि वाट पाहण्यावर काही अवलंबून राहत नाही. हा जंपर म्हणजे मदरबोर्डवर उभ्या असलेल्या दोन किंवा तीन पिना. त्यांच्या शेजारी बारीक अक्षरांत CLRTC, CLR_CMOS, JBAT1 किंवा CLRMOS1 यांपैकी एखादे नाव छापलेले असते आणि बहुधा त्या सेलच्या जवळपास किंवा बोर्डच्या खालच्या कडेला सापडतात. नुसत्या अंदाजाने पिना निवडू नयेत. त्याच कडेला यूएसबीच्या, पंख्याच्या आणि पुढच्या बटणांच्या पिनाही असतात आणि दिसायला सगळ्या सारख्याच दिसतात, म्हणून मदरबोर्डच्या मॅन्युअलमधील आकृती मोबाइलवर उघडून समोर ठेवावी. दोनच पिना असतील, तर चपट्या स्क्रूड्रायव्हरचे टोक दोन्हींना एकाच वेळी टेकवून पाच ते दहा सेकंद धरावे. तीन पिना असतील, तर त्यांतील पहिल्या दोन पिनांवर एक छोटी प्लास्टिकची टोपी बसवलेली असते. ती उचलून दुसऱ्या आणि तिसऱ्या पिनेवर बसवावी, दहा सेकंदांनी काढून पुन्हा पहिल्या जागी आणावी. ही टोपी परत आणायला विसरल्यास काही बोर्ड अजिबात सुरू होत नाहीत आणि मग माणूस नव्या बिघाडाचा शोध घेत बसतो. काही महागड्या मदरबोर्डांच्या मागच्या बाजूला याच कामासाठी वेगळे बटण दिलेले असते. ते असेल, तर कॅबिनेट उघडण्याचीही गरज पडत नाही, फक्त ते कसे दाबायचे याबाबत मॅन्युअलमधील सूचना पाहावी.

जंपर सापडत नसेल किंवा तो ग्राफिक्स कार्डाखाली दडलेला असेल, तर सेल काढण्याचा मार्ग आहेच. हा सेल बहुधा CR2032 असतो. या नावातच त्याचे माप दडलेले आहे, 20 मिलिमीटर व्यास आणि 3.2 मिलिमीटर जाडी, आणि त्याचे व्होल्टेज 3 असते. खोबणीच्या कडेची धातूची पट्टी नखाने हलकेच बाजूला केली, की सेल आपोआप वर उचलला जातो, तो टोकदार वस्तूने उचकटू नये. दहा-पंधरा मिनिटे थांबून तो परत बसवताना अधिकचे चिन्ह वर येईल असे पाहावे. बाहेर काढलेला सेल लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवावा, कारण गिळला गेल्यास तो अन्ननलिकेला गंभीर इजा करतो. केबल काढून ठेवल्यावर संगणकाचे घड्याळ दर वेळी मागे पडत असेल, तर सेल संपत आला आहे असे समजून याच वेळी नवा बसवावा.

सगळे परत जोडून संगणक सुरू केल्यावर घाई करू नये, कारण ही पहिली सुरुवात नेहमीपेक्षा लांबते. फर्मवेअरला रॅमची जुळवणी शून्यापासून करावी लागते. डीडीआर४ मध्ये ती बहुधा मिनिटाच्या आत संपते, पण डीडीआर५ मध्ये, विशेषतः पट्ट्या मोठ्या क्षमतेच्या असतील तर, पडदा कित्येक मिनिटे काळा राहू शकतो. संगणक या काळात एक-दोनदा आपणहून बंद होऊन पुन्हा चालू झाला, तरी तो त्या जुळवणीचा भाग असू शकतो. मध्येच वीज तोडल्यास जुळवणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, म्हणून पंधरा मिनिटे तरी त्याला हात लावू नये. हीच सबुरी सीमॉस क्लिअर करण्याच्या आधीही उपयोगी पडते. अनेक मदरबोर्ड रॅमची जुळवणी काही वेळा फसल्यावर स्वतःच सुरक्षित मूल्ये घेतात आणि ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणे, फसल्याचा संदेश दाखवून सेटिंगचे पान उघडतात, मात्र तेवढा वेळ त्यांना द्यावा लागतो. माझा बोर्ड तसे करत नव्हता.

दुसऱ्या प्रयत्नात मी केबल काढली, बटण दाबून धरले आणि पिनांना स्क्रूड्रायव्हर टेकवला. संगणक सुरू केल्यावर DRAM चा दिवा साधारण अर्धा मिनिट लागला, मग विझला, आणि पडद्यावर CMOS settings wrong हे शब्द आणि सेटिंगमध्ये जाण्यासाठी F1 दाबण्याची सूचना आली. हा संदेश वाचून घाबरण्याचे कारण नाही, उलट क्रिया यशस्वी झाल्याची ती स्पष्ट खूण आहे. सेटिंगमध्ये रॅमचा वेग 2400 दिसत होता आणि व्होल्टेज 1.2, म्हणजे डीडीआर४ ची मूळची सुरक्षित मूल्ये.

हा उपाय कोणत्या बिघाडावर लागू पडतो, हे नीट पारखून घ्यायला हवे. सेटिंग बदलले आणि त्याच्या पुढच्याच सुरुवातीला संगणक अडला, तर संशय सेटिंगवर घेणे योग्य आहे. काहीही न बदलता तो एका सकाळी अडला असेल, तर सीमॉस क्लिअर करून पाहण्यात तोटा नाही, पण दोष रॅमच्या सैल पट्टीत, पॉवर सप्लायमध्ये किंवा अन्य सुट्या भागात असण्याची शक्यता अधिक असते. कधीकधी संगणक सुरू झालेला असतो आणि फक्त चित्र दिसत नसते. कीबोर्डवरील Num Lock दाबल्यावर त्याचा दिवा लागत आणि विझत असेल, तर रॅमचा टप्पा पार पडला आहे असे मानता येते. चित्र कोणत्या मार्गाने पाठवायचे हे सेटिंग बदलले गेले असेल, तर मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डातून काढून मदरबोर्डच्या जोडणीत किंवा उलट लावून पाहावी. तेवढ्याने चित्र आले, तर कॅबिनेट उघडावेच लागत नाही. सेटिंगच्या पानापर्यंत पोहोचता येत असेल, तर तिथेच Load Optimized Defaults किंवा Load Setup Defaults अशा नावाचा पर्याय निवडावा आणि F10 ने जतन करावे, त्याचा परिणाम तोच असतो. फर्मवेअर अद्ययावत करताना वीज जाऊन ते अर्धवट लिहिले गेले असेल, तर मात्र सीमॉस क्लिअर करून काही साधत नाही, कारण तिथे सेटिंग नव्हे तर ती वाचणारा प्रोग्रामच बिघडलेला असतो.

लॅपटॉपच्या बाबतीत या कृतीवर फारसे विसंबू नये. अनेक लॅपटॉपमध्ये काढता येण्याजोगा सेलच नसतो आणि घड्याळ मुख्य बॅटरीवर चालते. त्यांपैकी काहींत पॉवरचे बटण साधारण तीस सेकंद दाबून धरल्यास घड्याळाचा विभाग रीसेट होतो, पण ती पद्धत प्रत्येक मॉडेलची वेगळी असल्याने त्याच मॉडेलच्या मॅन्युअलवर भिस्त ठेवावी. बायोसचा पासवर्डही या मार्गाने जाईल अशी अपेक्षा धरू नये. जुन्या डेस्कटॉपमध्ये तो जात असे, पण आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये तो कायमस्वरूपी मेमरीत असतो आणि तसाच राहतो.

आता एक गोष्ट सावकाश सांगायला हवी, कारण खरे नुकसान बहुधा इथे होते. मूळ मूल्ये परत येतात तेव्हा ती सगळीच परत येतात, फक्त चुकलेले एक सेटिंग नव्हे. डिस्कवरील माहितीला या क्रियेचा स्पर्शही होत नाही, तरीही ऑपरेटिंग सिस्टीम सुरू होण्यास नकार देऊ शकते. विंडोज बसवताना डिस्कची जोडणी AHCI या पद्धतीने ठेवलेली असेल आणि मूळ सेटिंग RAID चे असेल, तर विंडोज निळ्या पडद्यावर INACCESSIBLE_BOOT_DEVICE असे लिहून थांबते. जुन्या पद्धतीने बसवलेल्या विंडोजला CSM हे सेटिंग चालू लागते आणि ते बंद झाले, की सुरू करण्याजोगी डिस्कच नाही असा संदेश येतो. अशा वेळी घाबरून विंडोज नव्याने बसवायला घेणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यात त्यांची चांगली माहिती नाहक गेली. सेटिंगमध्ये जाऊन ते एक मूल्य पूर्वीसारखे केले, की डिस्क पुन्हा ओळखली जाते.

डिस्कवरील माहिती कुलूपबंद ठेवणारे विंडोजचे बिटलॉकर चालू असलेल्या संगणकावर आणखी एक अडथळा येऊ शकतो. डिस्कची किल्ली टीपीएम या सुरक्षा विभागाच्या ताब्यात असते आणि सिक्युअर बूटसारखी सेटिंग पूर्वीइतकीच आहेत असे दिसल्यावरच तो ती सोडतो. सेटिंग बदललेली दिसताच विंडोज 48 अंकी रिकव्हरी की मागते. ही की बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जतन झालेली असते आणि मोबाइलवरून पाहता येते, म्हणून जंपरला हात लावण्याआधीच ती आपल्याला मिळते आहे ना, हे तपासून कागदावर लिहून घ्यावे. की हाती नसेल, तर सिक्युअर बूट आणि टीपीएम यांची सेटिंग आधी जशी होती तशी करून संगणक पुन्हा सुरू करावा, अनेकदा तेवढ्याने की मागणे थांबते.

माझ्या संगणकावर मी सर्वप्रथम तारीख आणि वेळ बरोबर केली, कारण घड्याळ काही वर्षे मागे असेल तर ब्राउझर जवळपास प्रत्येक संकेतस्थळाचे सुरक्षा प्रमाणपत्र नाकारतो. नंतर डिस्कच्या जोडणीची पद्धत तपासली, आभासी यंत्रांसाठी लागणारे SVM हे सेटिंग चालू केले आणि पंख्यांच्या वेगाची मूल्ये भरली. ही मूल्ये मला आठवत नव्हती, ती मी काही महिन्यांपूर्वी मोबाइलने काढलेल्या बायोसच्या पानांच्या छायाचित्रांवरून घेतली. सर्वांत शेवटी एक्सएमपी चालू करून रॅम 3200 वर आणली आणि संगणक पुन्हा सुरू केला. DRAM चा दिवा क्षणभर लागून विझला. त्यानंतर मी वेग 3333 वर नेला आणि टायमिंगला हात न लावता तेवढा एकच बदल जतन केला.